बैठकीची शिवण दर उन्हाळ्यात तुटते: टेन्शन फिरवण्याआधी धाग्याचा स्टँड पाहा

लक्षण आधी सांगतो. शाळेच्या गणवेशाची फुलपँट, पॉलिस्टर-व्हिस्कोस कापड, लॉकस्टिच मशीनवर दुहेरी मारलेली बैठकीची शिवण. डोळ्यांना शिवण एकदम सरळ आणि स्वच्छ दिसते. दोन्ही हातांनी ताणली की वरचा धागा 'टक्' करून तुटतो. मेकॅनिक येतो, टेन्शन ढिलं करतो, तासभर बरं चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शिवणीच्या खालच्या बाजूला धाग्याच्या सैल गाठी दिसतात, म्हणून टेन्शन पुन्हा आवळलं जातं. दुपारी पुन्हा 'टक्'.

वर्धा जिल्ह्यातल्या एका गावातलं हे युनिट आहे. 24 मशिनी, बहुतेक कारागीर गावातल्याच बाया. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात, त्यामुळे गणवेशाचं खरं काम एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत चालतं. म्हणजे वर्षातलं सगळ्यात जास्त काम आणि सगळ्यात जास्त ऊन एकाच वेळी. तीन उन्हाळे ही शिवण आम्हाला छळत होती. चौथ्या उन्हाळ्यात आम्ही डीमेक पद्धतीने, म्हणजे व्याख्या, मोजमाप, विश्लेषण, सुधारणा आणि नियंत्रण या पाच टप्प्यांनी तिच्यामागे लागलो. कारण सापडलं ते इतकं साधं होतं की आधीची तीन वर्षं कुणाला ते का दिसलं नाही, हेच या लेखात नीट सांगायचं आहे.

व्याख्या: 'क्वालिटी खराब' हे लिहून काही होत नाही

पहिल्या बैठकीत आम्ही फळ्यावर लिहिलं होतं, 'पँटीचा दर्जा सुधारणे'. त्यावर दोन तास वाद झाला. कुणी तेलाच्या डागांवर बोललं, कुणी कटिंगवर, कुणी बटणावर. शेवटी अल्टरच्या ढिगातले पीस जमिनीवर पसरले आणि दोषाप्रमाणे वेगळे केले. सगळ्यात मोठा ढीग तुटलेल्या बैठकीच्या शिवणीचा निघाला. मग वाक्य बदललं: 'फुलपँटच्या बैठकीच्या शिवणीत ताणल्यावर तुटणारा टाका. 100 पँटींमागे किती, हे मोजायचं आणि कमी करायचं.' तेलाचे डाग आणि बटण आम्ही मुद्दाम बाजूला ठेवले. हे जमलं नसतं तर पुढचं काहीच जमलं नसतं.

मोजमाप: आधी चेकरच तपासा

पहिले चार दिवस आम्ही जे आकडे लिहिले, ते पाचव्या दिवशी फेकून दिले. झालं असं, की आमच्याकडे दोन चेकर. त्यांना एकच 30 पँटी वेगवेगळ्या वेळी तपासायला दिल्या, एकीचा निकाल दुसरीला न सांगता. 30पैकी 21 पँटींवर दोघींचं मत जुळलं, 9 पँटींवर एक म्हणाली चांगली आणि दुसरी म्हणाली खराब. विचारल्यावर कळलं की एक शिवण फक्त बघायची आणि दुसरी ताणून बघायची. दोघीही प्रामाणिक होत्या, पण मोजत होत्या वेगवेगळ्या गोष्टी. आपण वर्षभर ज्या आकड्यांवरून कारागिरांना बोललो, ते आकडेच असे होते, हे कळल्यावर मला खरंच वाईट वाटलं.

मग ताणायचं माप ठरवलं. टेबलावर पट्टी चिकटवली. शिवणीचा सगळ्यात वळणदार भाग, जिथे दोन्ही पायांच्या आतल्या शिवणी येऊन मिळतात, तिथे 10 सेंटिमीटर धरायचं आणि साडेअकरापर्यंत ताणायचं. बैठकीच्या वळणावर कापड तिरपं येतं, म्हणून ते तेवढं ताणतं. धागा तुटला तर दोष, नाही तुटला तर पीस पास. हे माप कुठल्या पुस्तकातलं नाही, आमच्या कापडासाठी आम्ही ठरवलेलं आहे. तुमचं कापड वेगळं असेल तर चांगल्या शिवणीचे दहा-पंधरा पीस ताणून स्वतःचं माप काढा. माप ठरल्यावर दोघींचं मत 30पैकी 28 पँटींवर जुळलं. मग खरी मोजणी सुरू केली.

तक्ता साधा होता: कोणतं मशीन, किती वाजता शिवलं, तुटला तो वरचा धागा की बॉबिनचा. कारागिराचं नाव तक्त्यात टाकलं नाही. नाव टाकलं की खराब पीस लपायला लागतात, हे आधी पाहिलेलं होतं. बैठकीच्या शिवणीवर आमच्या तीन मशिनी, प्रत्येकीवर दिवसाला साधारण 100 पँटी. सहा दिवसांत 1800 पँटी तपासल्या आणि 118 पँटींची शिवण तुटली. शेकड्याला साडेसहा.

विश्लेषण: दुपार आणि तिसरं मशीन

उन्हाळ्यात आमचं काम सकाळी 8 ते साडेचार चालतं, मध्ये अर्धा तास जेवण. म्हणजे बारापर्यंत चार तास आणि बारानंतर चार तास, दोन्हीकडे 900-900 पँटी. तक्त्याची बेरीज वेळेप्रमाणे केली तर सकाळच्या 900मध्ये 22 दोष होते आणि दुपारच्या 900मध्ये 96. सकाळी तिन्ही मशिनींचे दोष जवळजवळ सारखे होते: 7, 7 आणि 8. दुपारी मात्र पहिल्या मशीनवर 11, दुसऱ्यावर 22 आणि तिसऱ्यावर 63. तिसऱ्या मशीनवर दुपारी शिवलेली पाचातली एक पँट तुटत होती.

दुपार म्हटल्यावर प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं. मालक म्हणाले, बाया थकतात. मेकॅनिकभाऊ म्हणाले, व्होल्टेज पडतं. मला वाटलं, उन्हाने सुई तापते आणि धागा जळतो. तिसऱ्या मशीनवरची ताई तेवढी म्हणाली, "सकाळी मस्त चालते जी मशीन. दुपारीच काऊन तुटते, थे पाहा ना. मी तं तीच हाव."

एकेक कारण तपासलं. थकवा पाहायला पहिल्या आणि तिसऱ्या मशीनवरच्या ताईंनी दोन दुपारी जागा बदलल्या. दोष तिसऱ्या मशीनवरच राहिले, ताईबरोबर गेले नाहीत. थकव्याचं कारण तिथेच संपलं, आणि ती ताई तीन वर्षं जे ऐकत आली होती तेही संपलं. व्होल्टेज मीटरने पाहिलं. दुपारी थोडं कमी व्हायचं, पण तिन्ही मशिनी एकाच लाईनवर होत्या, मग दोष एकाच मशीनवर का? सुईचं म्हणाल तर नवीन सुई लावून पाहिली, धाग्याचा कोनही पहिल्या मशीनचा आणून लावला. काही फरक पडला नाही.

उन्हाबद्दलचा माझा अंदाज थोडा सविस्तर सांगतो, कारण तो आपल्याकडे सगळेच करतात. जाड कापडात वेगाने चालणारी सुई खूप तापते हे खरं आहे, आणि पॉलिस्टर साधारण 250-260 अंशांना वितळतो. पण सुई तापते ती कापडाशी घासून. बाहेर 30 अंश असो की 45, सुईच्या तापमानात त्याने फार फरक पडत नाही. शिवाय धागा वितळून तुटला तर त्याच्या टोकाला बारीक, टणक गोळी दिसते. आम्ही तुटलेले 40 टोकं भिंगाखाली पाहिले. गोळी एकावरही नव्हती. बहुतेक टोकं स्वच्छ तुटलेले होते, म्हणजे धागा जळला नव्हता, ताणाने तुटला होता. आणि जवळजवळ सगळे वरचे धागे होते, बॉबिनचे नव्हते.

वरच्या धाग्याचं टेन्शन दुपारी वाढत होतं, एवढं आता पक्कं झालं. पण टेन्शनचा नट कुणी न फिरवता ते वाढेल कसं?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिसऱ्या मशीनच्या मागे स्टूल टाकून बसलो आणि सुईकडे न बघता धाग्याच्या स्टँडकडे बघत राहिलो. बारा वाजले, खिडकीतला डेझर्ट कुलर सुरू झाला. त्याची हवा तिसऱ्या मशीनच्या स्टँडवर सरळ येत होती, दुसऱ्यावर तिरपी, पहिल्यापर्यंत जेमतेम. कोनावरून सुटणारा धागा हवेने बाजूला उडत होता. मशीन थांबलं की सैल पडलेला धागा कोनाच्या बुडाशी घसरायचा आणि कोन व स्टँडच्या तबकडीमध्ये अडकायचा, कधी स्टँडच्या दांड्याला वेढा घालायचा. मशीन पुन्हा सुरू झालं की धागा झटका देत निघायचा. मध्येच सात-आठ टाके तो ओढून निघायचा, मग सुटायचा. त्यात भर म्हणून कुलरची पाइप टाळण्यासाठी कुणीतरी स्टँड थोडा फिरवून ठेवला होता, त्यामुळे वरचं कडं कोनाच्या मध्यावर नव्हतं, बाजूला गेलं होतं. कडं कोनाच्या बरोबर वर असलं तर धागा सरळ उभा निघतो, बाजूला असलं तर कोनाच्या काठाला घासत निघतो.

टेन्शनच्या चकत्यांमध्ये पोचण्याआधीच धाग्यावर हा जास्तीचा ताण बसत होता. अशा टाक्यात वरचा धागा शिवणीत कमी उतरतो. लॉकस्टिचमध्ये शिवणीला ताण सहन करता येतो तो शिवणीत उतरलेल्या धाग्याच्या जोरावर. धागा कमी, तर ताणल्यावर द्यायला काही शिल्लकच नाही, आणि पोरगं पहिल्यांदा मांडी घालून बसलं की तुटतो. शिवण मात्र दिसायला सुबक, कारण घट्ट टाका देखणाच दिसतो. बघून तपासणारी चेकर अशी पँट पास करते, यात तिची काही चूक नाही.

मग दरवर्षी समस्या सुटायची कशी?

दरवर्षी आम्ही काहीतरी बदललं होतं. एका वर्षी धाग्याची कंपनी बदलली, एका वर्षी सुईचा नंबर 14चा 16 केला, गेल्या वर्षी तिसऱ्या मशीनचा हूक बदलला. प्रत्येक वेळी जूनमध्ये दोष कमी झाले आणि आम्हाला वाटलं उपाय लागू पडला. खरं तर मृगाचा पाऊस यायचा, हवा गार व्हायची, कुलर बंद व्हायचा. श्रेय मिळायचं शेवटच्या उपायाला. नवतपा आला की पुढच्या वर्षी तेच.

आणि टेन्शनच्या नटाने घोळ आणखी वाढवला होता. दुपारी हवेमुळे वाढलेला ताण कमी करायला नट ढिला केला जायचा. संध्याकाळी कुलर बंद. सकाळी तोच ढिला नट, पण हवा नाही, म्हणून टाका सैल आणि खाली गाठी. मग नट आवळला जायचा. दिवसातून दोन-तीनदा हे व्हायचं आणि कुणीच चुकीचं करत नव्हतं, प्रत्येकजण समोरच्या पीसला बरोबर उत्तर देत होता. एकेका पीसला पाहून मशीन फिरवत राहिलं की चढउतार कमी होत नाहीत, वाढतात. दर्जा-नियंत्रणाचे अमेरिकी तज्ज्ञ डेमिंग हेच नरसाळं आणि गोटीचा प्रयोग करून दाखवत असत: प्रत्येक गोटी कुठे पडली ते पाहून नरसाळं हलवत राहिलं की गोट्या जास्तच विखुरतात.

सुधारणा: काढून-लावून पाहिल्याशिवाय मानू नका

पहिला विचार कुलर बंद करण्याचा. तो मी लगेच सोडला. 44-45 अंशांत टिनाच्या छपराखाली आठ तास बसणाऱ्या माणसाची हवा काढून घेऊन दर्जा सुधारायचा नसतो. ताईंनीही स्पष्ट सांगितलं, "कुलर बंद केलं तं आम्ही घरी जातो बापा." त्यांचं बरोबर होतं.

म्हणून धाग्याला आडोसा केला. पाच लिटरच्या तेलाच्या प्लास्टिक डब्याचं तोंड आणि एक बाजू कापून तो कोनाभोवती उभा केला, हवेच्या दिशेला भिंत आणि कारागिराकडे उघडा, म्हणजे कोन बदलता येतो. कोनाखाली फोमची चकती ठेवली, म्हणजे धागा बुडाशी घसरून अडकत नाही. कोनावर जाळी चढवली. स्टँड सरळ करून वरचं कडं कोनाच्या बरोबर मध्यावर आणलं. कुलरच्या पट्ट्या थोड्या वर वळवल्या, हवा डोक्याच्या पातळीला राहिली.

त्याआधी टेन्शन एकदा नीट बसवलं, नाहीतर जुन्या फिरवाफिरवीचा हिशेब नव्यात मिसळला असता. क्रम महत्त्वाचा आहे: आधी बॉबिन, मग वरचा धागा. बॉबिन केस धाग्याला लटकवायची आणि हात हलका झटकायचा. ती एक-दोन इंच खाली सरकून थांबली तर ठीक. आपोआप घसरत गेली तर सैल, झटक्यानेही हलली नाही तर घट्ट. मग त्याच कापडाच्या चार थरांवर शिवून वरचा नट असा लावायचा की दोन्ही धाग्यांची गाठ कापडाच्या मध्ये बसेल, वर किंवा खाली दिसणार नाही.

आडोसा लावून तीन दुपारी तिसऱ्या मशीनवर 150 पँटी शिवल्या, 6 तुटल्या. इथे थांबायचा मोह होतो. पण पावसाने आम्हाला तीन वर्षं असंच फसवलं होतं, म्हणून आडोसा दोन दुपारी काढून टाकला: 100 पँटींत 19 दोष. पुन्हा लावला: 100 पँटींत 3. काढल्यावर दोष परत आला आणि लावल्यावर गेला, तेव्हाच मी ते कारण मानलं. त्या 19 पँटी उसवून पुन्हा शिवाव्या लागल्या, पण त्या खात्रीची ती किंमत फार नव्हती.

मग तिन्ही मशिनींना डबे लावले. पुढच्या सहा दिवसांत 1800 पँटींमध्ये 37 तुटल्या. शेकड्याला दोन.

नियंत्रण: नट कधी फिरवायचा आणि कधी नाही

मेकॅनिकभाऊंनी यात सगळ्यात चांगली सूचना दिली. बसवलेल्या टेन्शनच्या नटावर आणि शेजारच्या मशीनच्या अंगावर नेलपॉलिशचा एकेक ठिपका, समोरासमोर. ठिपके सरकले की नट कुणीतरी फिरवला हे दुरूनही दिसतं. धाग्याचा लॉट किंवा कापड बदललं तरच नट फिरवायचा, मग ठिपका पुसून नवा लावायचा. रोज सकाळी कापडाच्या तुकड्यावर शिवून, पट्टीवर ताणून पाहणं कारागीर ताईच करते. दुपारी कुलर सुरू झाल्यावर एकदा स्टँडकडे नजर टाकायची: डबा जागेवर आहे, कडं मध्यावर आहे, धागा दांड्याला वेढलेला नाही.

दुसरी गोष्ट नियंत्रण आलेख, म्हणजे रोजच्या दोषांचा चढउतार नेहमीचा आहे की काही बिघडलंय हे मर्यादा आखून सांगणारा तक्ता. 1924मध्ये अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ शूहार्टने काढलेली ही पद्धत गावातल्या युनिटलाही एका वहीत जमते. सरासरी दोष p म्हणजे 2 टक्के आणि दिवसाच्या पँटी n म्हणजे 300, तर वरची मर्यादा UCL अशी:

```
UCL = p + 3√(p(1−p)/n)
    = 0.02 + 3√(0.02 × 0.98 / 300)
    ≈ 0.044
```

म्हणजे 300मध्ये साधारण 13. खालची मर्यादा ऋण येते, ती शून्य धरायची. भिंतीवर एवढंच लिहिलं: रोज सरासरी 6 पँटी तुटतात. कधी 3, कधी 10 तुटल्या तर मशीनला हात लावायचा नाही. 14 किंवा जास्त झाल्या तर त्याच दिवशी काम थांबवून कारण शोधायचं. 10चा दिवस आला की मालक अस्वस्थ होतात. त्यांना वहीतले मागचे दिवस दाखवावे लागतात, आणि ते दाखवायचं काम माझं आहे.

या मर्यादा 300 पँटींच्याच आहेत. दिवसाला 150 झाल्या तर सूत्रात n बदलून मर्यादा नव्याने काढा, नाहीतर लहान दिवसात खोटी हाक येईल किंवा खरी हाक ऐकू येणार नाही.

उरलेले दोन टक्के

तुमच्याकडे कुलर नसेल आणि तरी शिवण तुटत असेल, तर तुटलेलं टोक भिंगाने पाहण्यापासूनच सुरुवात करा. स्वच्छ तुटलेलं टोक म्हणजे ताण: स्टँड, कडं, चकत्यांमध्ये अडकलेला जुना धाग्याचा तुकडा, मग नट, या क्रमाने पाहा. गोळी असेल तर सुईची उष्णता: वेग कमी करा किंवा सुई बारीक करा. टोक पिंजलेलं, कापसासारखं फुललेलं असेल तर धागा कुठेतरी खरडला जातोय: सुईचं भोक, हूकचं टोक किंवा प्लेटचं छिद्र. छिद्रातून पातळ नायलॉनचा मोजा ओढून पाहा. जिथे मोजा अडकेल तिथे खरवड आहे.

आमच्या दुसऱ्या मशीनवर डबा लावल्यावरही पहिल्यापेक्षा दोष जरा जास्तच येत राहिले, आणि त्यांच्यातले निम्म्याहून जास्त टोकं पिंजलेले आहेत. मोजा प्लेटच्या छिद्राच्या मागच्या काठाला अडकला. जाड जोडावर सुई वाकून तिथे टोचली असावी. नवी प्लेट नागपूरहून मागवली आहे. ती बसली की पुन्हा सहा दिवस मोजणार आहोत, त्याच पट्टीवर.